मलपृष्ठावरची आठ ओळी

‘बँकेतील नोकरी सांभाळून इतिहासाची आवड जोपासली’ असे माझ्या पहिल्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापले आहे आणि ते मला अजूनही खटकते. पुस्तक जुन्नर परिसरातल्या चार किल्ल्यांवरच्या खोदीव पाण्याच्या टाक्यांविषयी आहे. मी कर्जविभागात काम करते, त्यामुळे वाक्यातली माहिती खोटी नाही. त्यापुढे जन्मगाव, बी. कॉम., वाचन, भटकंती, छायाचित्रण व शास्त्रीय संगीत यांची आवड, काही दैनिकांतून लेखन आणि ‘हे पहिलेच पुस्तक’. चूक कशातच नाही. पण दुकानात उभे राहून पुस्तक उलटून पाहणाऱ्याला ज्या एका गोष्टीसाठी हा मजकूर हवा असतो, ती यात कुठेच नाही: या बाईंना हे कसे कळले?

कादंबरीच्या किंवा कवितासंग्रहाच्या बाबतीत हा प्रश्न उठत नाही. तिथे लेखक टपाल खात्यात असो की शेतकरी, पहिले पानच त्याची साक्ष देते. माहितीच्या पुस्तकाचे तसे नसते. चावंड किल्ल्यावरचे एखादे टाके इतके लांब, इतके खोल, असे मी लिहिते तेव्हा वाचकाला ते किल्ल्यावर जाऊन ताडून पाहायचे नसते. तो माझ्यावर विसंबतो आणि का विसंबायचे हे सांगायची पहिली जागा मलपृष्ठ असते. ही जागा फार लहान आहे. डेमी आकाराच्या पुस्तकात वरचा अर्धा भाग पुस्तकाची ओळख करून देणारा मजकूर खातो, खाली किंमत आणि बारकोड येतात, मधे फोटो. उरतात सात-आठ ओळी, म्हणजे पन्नास-साठ शब्द. त्यातले पंधरा संगीताच्या आवडीवर गेले तर टाक्यांसाठी काय उरणार? शिवाय हाच मजकूर पुढे प्रकाशकाच्या यादीत जातो, वर्तमानपत्रांच्या पुस्तक-परिचयाच्या सदरात जातो, व्याख्यानाच्या आधी सूत्रसंचालक तोच वाचून दाखवतो. पुस्तक न वाचलेल्या माणसांना लेखक भेटतो तो या आठ ओळींतून.

प्रकाशकांच्या बाजूने पहिला आक्षेप असा की, बँकेतली बाई किल्ल्यांवर लिहिते याचेच कुतूहल असते आणि कुतूहलावर पुस्तक विकले जाते. हे मला मान्य आहे. पण नवल लेखकाबद्दल वाटते, विश्वास मजकुरावर बसावा लागतो, आणि पहिल्यातून दुसरा आपोआप निघत नाही. उलट छंद म्हणून लिहिलेले पुस्तक वाचक छंदाच्याच मापाने मोजतो: कौतुक करतो आणि आकड्यासाठी दुसरीकडे पाहतो.

दुसरा मार्ग अधिक हुशारीचा वाटतो आणि म्हणून अधिक फसवा आहे. नोकरीचा पुस्तकाशी ओढूनताणून संबंध जोडायचा: ‘कर्जछाननीतून आलेली काटेकोर दृष्टी त्यांच्या लेखनात उतरली आहे.’ असे वाक्य कोणत्याही बँकेतल्या कोणत्याही लेखकाला चिकटवता येते. संबंध खरा असेल तर तो पुस्तकात दाखवता आला पाहिजे. दामोदर धर्मानंद कोसंबी व्यवसायाने गणिती होते आणि 1956 साली त्यांचे भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचे प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक आले. पण त्याआधी तक्षशिलेला सापडलेल्या आहत नाण्यांची वजने घेऊन, नाणे जितके जास्त हाताळले जाते तितके झिजते या तत्त्वावर, त्यांनी संख्याशास्त्राच्या आधाराने त्या नाण्यांचा क्रम लावायचा प्रयत्न केला होता. तिथे गणिताचा उल्लेख हा पुरावा ठरतो, कारण तो काढून टाकला तर पद्धतच कोसळते. माझ्या टाक्यांत कर्जछाननी कुठल्याच पानावर नाही. ती परिचयात आणली तर शोभेसाठीच.

मग नोकरी गाळूनच टाकावी का? परिचय पहिल्यांदा मागितला गेला तेव्हा मला तेच हवे होते. नुसते ‘किल्ल्यांच्या अभ्यासक’ लिहिले की झाले, असे वाटे. आता ते पटत नाही. ‘अभ्यासक’ आणि ‘संशोधक’ ही बिरुदे मराठी मलपृष्ठांवर इतकी सढळ हाताने वाटली जातात की त्यांतून विद्यापीठ, प्रशिक्षण, वरिष्ठांनी तपासलेले काम असे काहीतरी सूचित होते आणि बहुधा त्यातले काहीच नसते. इतिहासाच्या पुस्तकावर दंतवैद्याने नावामागे ‘डॉ.’ लावणे हा त्याचाच प्रकार. पदवी खरी असते, वाचकाच्या मनात उमटणारा अर्थ खोटा असतो. नोकरी एका साध्या वाक्यात सांगितली की हा गैरसमज होत नाही. तिच्यामागे ‘सांभाळून’ नको आणि पुढे ‘तरीही’ नको.

राहिलेल्या जागेत काम सांगावे. माझ्या बाबतीत ते असे होते. टाक्याची लांबी-रुंदी टेपने काठावरून मिळते, खोली दोरीला वजन बांधून. पण बहुतेक टाक्यांत गाळ असतो, आणि वजन गाळावर टेकते, कातळाच्या तळावर नाही. म्हणून अशा टाक्याची मी दिलेली खोली ही कमीत कमी खोली आहे आणि त्यावरून काढलेली पाण्याची क्षमताही कमीत कमीच. खांबटाक्यांत, म्हणजे जिथे कातळ आत कोरत नेऊन छताला आधार म्हणून दगडाचेच खांब राखलेले असतात तिथे, मागची भिंत काठावरून नेहमी दिसत नाही. तिथे मापाऐवजी अंदाज आहे. हे जाणणारा वाचक माझे आकडे योग्य तितकेच वापरील. हे सारे साठ शब्दांत बसते का? मी बसवून पाहिले: ‘बँकेच्या कर्जविभागात नोकरी. शिवनेरी, हडसर, चावंड आणि जीवधन या किल्ल्यांवरील खोदीव टाक्यांची मोजमापे स्वतः घेतली. गाळ असलेल्या टाक्यांची खोली गाळापर्यंतची आहे. पुरातत्त्वाचे औपचारिक शिक्षण नाही. टाक्यांच्या काळाबद्दलची विधाने प्रकाशित संशोधनावर आधारलेली आहेत. हे पहिले पुस्तक.’ पस्तीस शब्द झाले, गावाच्या नावालाही जागा उरली.

‘औपचारिक शिक्षण नाही’ हे वाक्य पाहून कोणीही म्हणेल की हा स्वतःच्या पायावर धोंडा आहे आणि उणीव सांगायचीच तर मनोगतात सांगावी. मनोगत पुस्तक विकत घेतल्यावर वाचले जाते, हे माझे उत्तर. शिवाय प्रशिक्षण नसणे ही स्वतःहून दुर्बळ बाजू ठरत नाही. लिनिअर बी ही लिपी 1952 मध्ये उलगडणारा मायकेल व्हेंट्रिस वास्तुविशारद होता. त्याने आपली कामाची टिपणे वेळोवेळी जाणकारांना पाठवली आणि पुढचा ग्रंथ जॉन चॅडविक या भाषाशास्त्रज्ञाबरोबर लिहिला. बाहेरच्या माणसाचे काम कोणी तपासले, हे सांगण्याजोगे असेल तर परिचयात त्यालाही एक ओळ द्यावी. ती प्रस्तावनेच्या दोन पानी स्तुतीपेक्षा अधिक कामाची.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरते उत्तर नाही. आपल्याकडे हा परिचय लेखकच लिहितो आणि तृतीयपुरुषी छापतो. स्वतःबद्दल ‘मोजमापे स्वतः घेतली’ असे दुसऱ्याच्या आवाजात लिहिताना संकोच होतो, आणि त्या संकोचातूनच भटकंती व संगीत येते, कारण आवडी सांगण्यात बढाई नसते. पहिल्या पुस्तकाला हे जड जाते. दुसऱ्यात ‘यापूर्वीचे पुस्तक’ या ओळीआड लपता येते. आणि वाचक म्हणून सांगायचे तर, रेल्वेतल्या गार्डने कोळ्यांवर किंवा शिंप्याने नाण्यांवर लिहिलेले पुस्तक दिसले की मीही ते आधी त्या एका ओळीसाठीच उचलते. प्रकाशकाला विक्री कळते, यावर माझा वाद नाही. दुसऱ्या आवृत्तीसाठी मी वरचा मजकूर पाठवला आहे. त्यांनी शिक्षणाचे वाक्य गाळून बाकीचा ठेवायची तयारी दाखवली आहे, आणि मी अजून होकार दिलेला नाही.