बाहेर उभा असलेला आठ

आईने नव्या टॉर्चच्या खोक्याचा फोटो पाठवला. फक्त बारकोड, आणि खाली प्रश्न: "अगं, ८९० आहे. म्हणजे भारतातच बनलंय ना?" फॅमिली ग्रुपवर तसा फॉरवर्ड फिरत होता.

मी फोटो मोठा केला. आकडे तेरा होते, पण रेघांखाली बाराच. पहिला ८ डावीकडे एकटाच बाहेर उभा. त्याच्या वाट्याला रेघाच नाहीत! मग दुकानातल्या स्कॅनरला तो कळतो कसा?

स्कॅनर आकडे वाचतच नाही. तो उजेड टाकतो. काळी रेघ उजेड गिळते, पांढरी जागा परत पाठवते. त्या परतीवरून तो पट्ट्यांच्या जाडीचं एकमेकींशी प्रमाण मोजतो, म्हणून खोकं थोडं जवळ किंवा लांब धरलं तरी चालतं.

दोन्ही कडांना आणि मधोमध खुणेच्या लांब रेघा असतात. त्यांच्या मधल्या दोन भागांत सहा-सहा आकडे. प्रत्येक आकड्याला सात सारखी घरं, काही काळी, काही पांढरी. डाव्या भागात प्रत्येक आकडा दोन प्रकारे काढता येतो: काळी घरं विषम ठेवून किंवा सम ठेवून. आपला ८ इथेच लपलाय. डावीकडचे सहा आकडे विषम, सम, विषम, सम, सम, विषम असे आले, की स्कॅनर समजतो, पहिला आकडा ८.

उजवीकडचे सगळे आकडे सम असतात, आणि डावीकडचा पहिला नेहमी विषम. त्यामुळे खोकं उलटं धरलं तर सुरुवातीलाच सम आकडा येतो आणि स्कॅनर वाचन फिरवून घेतो.

शेवटचा आकडा पडताळणीचा. समजा नंबर आहे ८९०१२३४५६७८९०. पहिल्या बारांपैकी एक सोडून एक घेऊ: ८, ०, २, ४, ६, ८. बेरीज २८. उरलेल्यांची ३४, तिची तिप्पट १०२. एकूण १३०. पुढच्या दहाच्या पटीला जायला शून्य लागतं, म्हणून शेवटी ०. हाताने नंबर टाकताना एक आकडा चुकला तर हा हिशेब हमखास बिघडतो. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी बहुतेकदा बिघडतो. पण १ आणि ६ सारखे, पाचाचा फरक असलेले आकडे अदलाबदल झाले तर मात्र तो फसतो.

आणि ८९०? बारकोडचे नंबर देणाऱ्या जीएस१ या संस्थेच्या भारतीय शाखेकडून तो नंबर घेतलाय, एवढंच. माल कुठे बनला, हे त्या रेघांत नसतं. किंमतही नसते, ती दुकानाच्या कॉम्प्युटरमधून येते.

आईला लिहिलं, "खोकं फिरवून बारीक अक्षरं वाच."

पाच मिनिटांनी दुसरा फोटो आला. मेड इन चायना.


"मग ग्रुपवर तूच सांग," ती म्हणाली. "मी तो फॉरवर्ड चौघींना पाठवलाय."