क्रियापदाची जागा

गेल्या पावसाळ्यात माझी भाची चार महिने आमच्या नौपाड्यातल्या घरी राहायला होती. लग्न होऊन दोन महिने झाले होते आणि जावई नेदरलँड्सला परतले होते. ते तिथले नागरिक असल्याने, त्यांच्याकडे कायमचे राहायला जायचे तर तिला आधी इथेच डच भाषेची प्राथमिक परीक्षा उत्तीर्ण होणे भाग होते. पातळी ए-1, म्हणजे अगदी पहिली पायरी. पण बोलण्याच्या परीक्षेत काही वाक्ये अर्धी देऊन पुरी करायला सांगतात, आणि तिचे घोडे नेमके तिथेच अडले होते.

एका संध्याकाळी ती वही घेऊन माझ्यासमोर बसली. "मावशी, तू व्याकरण शिकवतेस ना? मग 'आता मी चहा पिते' यात काय चुकले ते सांग." तिने लिहिले होते, 'न्यू इक द्रिंक ते'. न्यू म्हणजे आता, इक म्हणजे मी, ते म्हणजे चहा. तिच्या शिकवणाऱ्या बाईंनी ते खोडून 'न्यू द्रिंक इक ते' असे केले होते. वहीची पाने उलटली तर हीच दुरुस्ती वीस-पंचवीस वेळा झालेली.

मला प्रथम वाटले, हा तिचा निष्काळजीपणा असावा. मग लक्षात आले, की तिच्या पदरी असलेल्या दोन्ही भाषा तिला एकच चुकीचा सल्ला देत होत्या. मराठीत 'मी चहा पिते' या वाक्याआधी 'आता' ठेवले, तरी पुढचे काही हलत नाही. इंग्रजीतही वाक्याच्या आरंभी कालवाचक शब्द आला म्हणून कर्ता आपली जागा सोडत नाही. डचमध्ये मात्र सोडतो. तिथे प्रधान वाक्यात क्रियापदाची जागा दुसरी, आणि ती पक्की. क्रियापदाच्या आधी एकच घटक बसू शकतो. तो मान 'आता'ने घेतला, तर कर्त्याला उठून क्रियापदाच्या मागे जावे लागते.

आम्ही जेवणाच्या टेबलावर कागदाच्या चिठ्ठ्या मांडल्या. क्रियापदाच्या चिठ्ठीवर आमटीची वाटी पालथी घातली. बाकीच्या चिठ्ठ्या हलतील, वाटी हलणार नाही. 'इक खा मॉर्खन नार आम्स्टरडॅम', मी उद्या आम्स्टरडॅमला जाते. आता 'मॉर्खन', म्हणजे 'उद्या', उचलून पुढे आणले, की 'इक' वाटीच्या पलीकडे: 'मॉर्खन खा इक नार आम्स्टरडॅम'. मग तिने 'फोल्खन्दे वेक', म्हणजे 'पुढच्या आठवड्यात', ही चिठ्ठी पुढे ठेवली आणि थबकली. दोन शब्द झाले, मग वाटी तिसऱ्या जागी गेली का? नाही. इथे शब्द मोजायचे नसतात, पदसमूह मोजायचे असतात. पुढे पाच शब्दांचा गट असला तरी तो एकच.

आता हे माझ्याविषयी. एवढ्यावरून मी ठरवून टाकले होते, की डच म्हणजे इंग्रजीची चुलत बहीण, क्रियापद मध्ये ठेवणारी. मराठीचा तिथे उपयोग नाही. "मराठी विसर आणि कर," असेही मी तिला सांगितले. मराठीच्या प्राध्यापिकेने दिलेला हा सल्ला चुकीचा होता, हे तिच्याच वहीने दाखवले. 'ओमदात', म्हणजे 'कारण', हा शब्द असलेल्या वाक्यांत एकही खूण नव्हती. 'ओमदात इक झीक बेन', कारण मी आजारी आहे. शब्दाला शब्द लावून पाहा: कारण, मी, आजारी, आहे. गौणवाक्यात डच क्रियापद आपली दुसरी जागा सोडून शेवटी जाते, आपल्यासारखे. इंग्रजीतून डचकडे येणारा इथे हमखास अडखळतो. माझी भाची न शिकवता बरोबर बोलत होती.

डचमध्ये 'कारण'ला दुसराही शब्द आहे, 'वान्त'. अर्थ जवळपास तोच, पण तो दोन स्वतंत्र वाक्ये जोडतो. म्हणून 'वान्त इक बेन झीक', क्रियापद पुन्हा दुसऱ्या जागी. वाक्य प्रधान आहे की गौण, हे मराठीत क्रियापदाच्या जागेवरून कळत नाही, डचमध्ये कळते.

मग या भाषेतली क्रियापदाची मूळ जागा कोणती, दुसरी की शेवटची? भाषावैज्ञानिक यान कोस्टर यांनी 1975 साली एका निबंधात मांडले, की डच ही मुळात कर्ता-कर्म-क्रियापद या क्रमाची भाषा आहे. प्रधान वाक्यात क्रियापद शेवटून उचलून पुढे आणले जाते. त्याची एक खूण साध्या वाक्यातही दिसते. 'ऑपबेलन' म्हणजे फोन करणे. '...दात इक ये मॉर्खन ऑपबेल', '...की मी तुला उद्या फोन करते', यात क्रियापद शेवटी अखंड आहे. प्रधान वाक्यात मात्र 'इक बेल ये मॉर्खन ऑप': 'बेल' पुढे गेले आणि 'ऑप' जुन्या जागी एकटे राहिले. माणूस घर सोडून गेला तरी दारावरची पाटी राहावी, तसे.

साम्य सर्वत्र नाही, हेही सांगितले पाहिजे. शेवटी दोन क्रियापदे आली, की आपण 'वाचू इच्छिते' म्हणतो. डचमध्ये 'विल लेझन', म्हणजे 'इच्छिते वाचू', असा क्रम अधिक रूढ आहे. आणि प्रधान वाक्यातल्या क्रियापदाने दुसरी जागा धरण्याची रीत केवळ युरोपची आहे असेही नाही. आपल्याच कुळातली काश्मिरी ती पाळते.

शेवटचा अडथळा होता गौणवाक्य आधी येण्याचा. 'आल्स हेत रेखन्त, द्रिंक इक ते', पाऊस पडला तर मी चहा पिते. इथे स्वल्पविरामाच्या दोन्ही अंगांना दोन क्रियापदे एकमेकांना भिडतात, आणि तिचा हात दर वेळी मध्ये 'इक' घालायला जाई. मी आख्ख्या गौणवाक्याच्या चिठ्ठ्या टाचणीने एकत्र टोचल्या. तो एकच घटक झाला, पहिल्या जागेचा. त्याला लागून वाटी. "म्हणजे आपण जिथे 'तर' म्हणतो, तिथे त्यांचे क्रियापद," ती म्हणाली. ही युक्ती माझी नव्हे, तिची. त्यानंतर ती चूक क्वचितच झाली.

ती उत्तीर्ण झाली आणि डिसेंबरात गेली. वर्गात मी वीस वर्षे फळ्यावर 'कर्ता, कर्म, क्रियापद' असे लिहीत आले आहे, जणू काही ही आपल्या वाक्याची सवय नसून निसर्गनियम असावा. आता ते लिहिताना हात किंचित थांबतो. जी जागा आपण न विचारता क्रियापदाला देतो, तिच्यासाठी कुणाला चार महिने चिठ्ठ्या हलवाव्या लागतात.

विमानतळावरून तिचा फोन आला. निरोपाचे बोलणे दोघींनाही जमत नव्हते. शेवटी ती म्हणाली, "मॉर्खन बेल इक ये ऑप." उद्या तुला फोन करते. मी सवयीने आधी क्रम तपासला. 'बेल' दुसऱ्या जागी होते, 'इक' त्याच्या मागे, आणि 'ऑप' अगदी शेवटी. मग अर्थ माझ्यापर्यंत पोहोचला.