०.६ मोठी की ०.४५?

अर्जासोबत एक पान जोडायचं होतं. नगर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणिताच्या शिक्षकाची जागा होती आणि अर्जात शेवटचा मुद्दा होता : 'तुमची अध्यापनविषयक भूमिका, एका पानात.' माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं. चार वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी केली, मग ती सोडून बी.एड. केलं. घरी अजून कुणाला हा निर्णय धड पटलेला नाही. त्यामुळे ते एक पान मी जरा जास्तच मनावर घेतलं.

पहिला मसुदा अर्ध्या तासात झाला. 'प्रत्येक मूल वेगळं असतं.' 'शिक्षक हा मार्गदर्शक असतो.' 'पाठांतरापेक्षा आकलन महत्त्वाचं.' वाचून पाहिलं तर त्यात चूक काहीच नव्हतं. पण त्याखाली कुणाचंही नाव टाकलं असतं तरी चाललं असतं. माझा वर्ग त्यात कुठेच नव्हता. मी ते पान बाजूला ठेवलं आणि इंटर्नशिपमधली एकच गोष्ट लिहायला घेतली. ती माझ्या चुकीची होती.

शाळा संगमनेर तालुक्यातली, वर्ग आठवीचा, मुलं अडतीस. दशांश अपूर्णांक ही मुलं आधीच्या इयत्तांमध्ये शिकून आली होती, म्हणून मी उजळणीला एकच तास ठेवला. फळ्यावर प्रश्न लिहिला : ०.६ आणि ०.४५ यांत मोठी संख्या कोणती? उत्तर वहीत लिहायचं. सव्वीस जणांनी ०.६ लिहिलं, बारा जणांनी ०.४५. बारा जणांचं काय चुकलं ते उघड होतं. पॉइंट विसरून ती पंचेचाळीस आणि सहा यांची तुलना करत होती. आपण बोलताना 'पॉइंट पंचेचाळीस' म्हणतो, त्यामुळे ही चूक आणखी पक्की होते.

त्या बारांना मी समजावलं. दुधाच्या फॅटचं उदाहरण घेतलं, कारण निम्म्या घरांत गाई होत्या आणि फॅट किती लागलं यावर भाव ठरतो हे सगळ्यांना माहीत होतं. विचारलं, "फॅट ३.९ लागलं. अजून एका दशांशाने वाढलं तर किती?" दोघातिघांनी "तीन पॉइंट दहा" म्हटलं. रोज पहाटे डेअरीत दूध घालायला जाणारी एक मुलगी हसली. "सर, तीन-नऊच्या पुढे चार येतं. तीन-दहा कुठं असतंय?"

मी पण हसलो, पण जरा ओशाळून. कारण माझ्या जुन्या कामात ३.९ च्या पुढे ३.१० च येतं. पायथन या भाषेच्या आवृत्त्या तशाच मोजतात. तिथे तो टिंब म्हणजे दशांश चिन्ह नसतंच, फक्त दोन आकडे वेगळे ठेवणारी खूण असते. एकदा मी सेटिंगच्या फाइलमध्ये `python-version: 3.10` असं अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं होतं. मशीनने ती दशांश संख्या समजून शेवटचं शून्य टाकून दिलं आणि ३.१ ही आवृत्ती शोधत बसलं. माझी दुपार त्यात गेली. म्हणजे 'तीन पॉइंट दहा' म्हणणारी मुलं वेडी नव्हती. ती टिंबाचा दुसरा अर्थ लावत होती, इतकंच.

बारा जणांचं बऱ्यापैकी मिटलं. सव्वीस जणांना मी "शाब्बास" म्हणालो आणि पुढे गेलो. चूक झाली ती इथे.

पुढच्या आठवड्यात एका गणितात ०.३ आणि ०.४५ यांची तुलना आली. त्या सव्वीसांतल्या एका हुशार मुलाने बिनधास्त ०.३ मोठी ठरवली. मी कारण विचारलं. तो म्हणाला, "सर, दशांश म्हणजे दहातला तुकडा आणि शतांश म्हणजे शंभरातला. दहातला तुकडा मोठा असतो ना?" तुकड्याबद्दल त्याचं म्हणणं बरोबर होतं. फक्त असे तुकडे किती आहेत, ते त्याने पाहिलंच नव्हतं. त्याच्या हिशेबात पॉइंटनंतर एकच अंक असलेली संख्या कायम मोठी. आणि याच नियमाने त्याला आदल्या आठवड्यात ०.६ हे बरोबर उत्तर मिळालं होतं, वर माझी शाबासकीही.

सॉफ्टवेअरमध्ये याला आम्ही कच्ची टेस्ट म्हणतो. कोड चुकीचा असला तरी टेस्ट पास होते, कारण तपासायला निवडलेला इनपुट ती चूक पकडणारा नसतो. माझा प्रश्न तसाच होता. दुसऱ्या दिवशी मी दोन प्रश्न एकत्र दिले : ०.६ की ०.४५, आणि ०.३ की ०.४५. पॉइंट विसरणारा मुलगा पहिल्यात चुकतो, दुसऱ्यात बरोबर येतो. तुकड्याचा आकारच पाहणारा पहिल्यात बरोबर येतो, दुसऱ्यात चुकतो. ज्याला समजलंय तोच दोन्हींत बरोबर येतो. आदल्या आठवड्यातल्या सव्वीसांपैकी नऊ जण दुसऱ्यात चुकले. त्या नऊ जणांना मी आठवडाभर 'येतंय' या रांगेत बसवलं होतं.

त्यांच्यासाठी फॅटचं उदाहरण उपयोगाचं नव्हतं. एकाच दशांशापर्यंतच्या संख्यांमध्ये त्यांची चूक दिसतच नाही. म्हणून चौकटीची वही काढली. दहा बाय दहाचा चौकोन म्हणजे एक. ०.३ म्हणजे तीन उभ्या पट्ट्या रंगवायच्या. ०.४५ म्हणजे चार पट्ट्या आणि पाचव्या पट्टीतली पाच घरं. तो हुशार मुलगा रंगवता रंगवता थांबला आणि म्हणाला, "अरे, ह्याच्यात चार दशांश पण आहेत की!" त्याच्या डोक्यात ०.४५ म्हणजे नुसते शतांश होते. त्यात दशांशही असतात, हे त्याला पहिल्यांदा दिसलं.

वर्गात आधीपासून एक सोपी युक्ती चालायची : मागे शून्य लावा, ०.३ चं ०.३० करा, मग तुलना करा. ती बरोबर आहे आणि परीक्षेत चालते. पण समज नसतानाही ती चालते. म्हणून तास संपताना मी विचारलं, "०.४५ आणि ०.४६ यांच्या मध्ये एखादी संख्या आहे का?" नुसती युक्ती येणारे म्हणाले, "नाही, पंचेचाळीसनंतर सेहेचाळीसच." त्या दिवशी तसे सात जण निघाले. माझी इंटर्नशिप संपली तेव्हाही त्यातले दोघं तिथेच अडकलेले होते. चौकटीत एका घराचे आणखी दहा भाग करून दाखवले, तरी नाही जमलं. पानावर हेही लिहिलं.

बी.एड.च्या मॅडमना मसुदा दाखवला. त्या म्हणाल्या, "छान आहे, पण शाबासकीचा भाग काढ. नोकरीच्या अर्जात स्वतःची चूक कोण लिहितं?" त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. ही नोकरी मला हवी आहे, आणि घरी ती मिळवून दाखवायचीही आहे. रात्री तो परिच्छेद काढून वाचून पाहिला. मग उरलं ते एवढंच : मी चौकटीची वही वापरतो. तशी कुणीही वापरतं. दोन प्रश्न मी एकत्र का विचारतो, ते त्या नऊ जणांशिवाय सांगताच येत नव्हतं.

परिच्छेद परत घातला. सगळ्यात वर, पहिल्या मसुद्यातल्या 'प्रत्येक मूल वेगळं असतं' च्या जागी, लिहिलं : 'बरोबर उत्तर आलं तरी मी कारण विचारतो. एकदा विचारलं नव्हतं, त्याची ही हकिकत.'

पान काल पाठवलं.