दोन ओळींची आई

तिचा जीव दोन ओळींचा. इंग्रजी शाळेतल्या तिच्या बहिणीला MOTHER म्हणून सहा अक्षरं मिळतात, सहा ओळी मिळतात. त्यामुळे एखादी ओळ फसली तरी बाकीच्या पाच तिला सांभाळून घेतात. आपल्या आद्याक्षरीला आ आणि ई एवढंच मिळालेलं आहे. वरच्या ओळीचं पहिलं अक्षर आ, खालच्या ओळीचं ई. वरून खाली वाचलं की आई. लपायला जागा नाही, त्यामुळे स्वभावानं ती थोडी फटकळ आहे. कुठलाही भरताचा शब्द तिला लगेच खुपतो.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिला मागणी येते. ही तारीख अमेरिकेची; तिथे १९१४ साली राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी ती जाहीर केली. आपला मातृदिन पिठोरी अमावास्येचा, श्रावणातला, शाळा भरात असतानाचा. मेमध्ये मात्र बहुतेक शाळांना सुट्टी. म्हणजे कार्ड बनतं घरात, पंख्याखाली, फरशीवर पोट टेकून, आणि तपासायला बाई नसतात. मुलुंड पूर्वेला आमच्या मजल्यावर ते तपासायचं काम एका निवृत्त आजोबांकडे असतं. त्यांनी ते मागून घेतलेलं नाही आणि सोडलेलंही नाही.

आ तिचा मोकळा पाय. आभाळ, आठवण, आधार, आमटी, आवरणं, आरडाओरडा, सगळी घरातलीच माणसं; कुठलाही शब्द घ्या आणि चालू पडा. खरं दुखणं ई चं. मराठीत शब्दाच्या शेवटी येणारी ई बहुधा दीर्घ लिहायची असा नियम आहे. म्हणून आई, ताई, घाई, शाई, सगळ्यांच्या टोकाला ती ऐटीत बसलेली दिसते. पण शब्दाच्या सुरुवातीला आपण ऱ्हस्वच जास्त वापरतो: इथे, इकडे, इतकं, इवलंसं, इस्त्री, इमारत. थोडक्यात, जी ई शेपटाकडे राहायला सरावली, तिला ही कविता ओळीच्या तोंडाशी आणून उभी करते. तिथे तिच्या ओळखीचं फारसं कुणी नाही. ईश्वर, ईर्षा, ईप्सित, ईद, ईडलिंबू. शब्दकोशातली ई ची पानं इतकी थोडी आहेत की बोटाला थुंकी लावायच्या आत संपतात.

त्यामुळे दहातल्या नऊ जणी ईश्वराकडे जातात. आ म्हणजे आत्मा, ई म्हणजे ईश्वर ही जोडी भेटकार्डांवर इतकी झिजली आहे की वाचणाऱ्या आईचा डोळा तिच्यावर थांबतच नाही. माझं म्हणणं, ती ओळ खोटी नाही, पण ती कुणाच्याही आईची आहे. मुलुंडची आई आणि मालवणची आई तिच्यात वेगळ्या ओळखू येत नाहीत, आणि एवढ्या अपुऱ्या जागेत तेवढंच तर करायचं असतं. दुसरी पळवाट म्हणजे ‘इवल्याशा’ने ओळ सुरू करून ऱ्हस्व इ ला दीर्घाच्या जागी बसवायचं. उच्चारात कुणाला कळत नाही. पण वरून खाली वाचलं की ‘आइ’ दिसतं, आणि आजोबा चष्मा काढतात.

अक्षरांशी असा हट्ट धरणं आपल्याकडे जुनंच. मोरोपंतांनी ‘निरोष्ठ रामायण’ रचलं; त्यात प, फ, ब, भ, म ही ओठ मिटायला लावणारी अक्षरं वर्ज्य. म्हणजे रामाची गोष्ट सांगायची आणि ‘राम’ म्हणायचं नाही! त्यापुढे आमच्या मजल्यावरच्या सहावीतल्या पोरीची अडचण काहीच नव्हती, पण तिनं आणखी एक बंधन ओढवून घेतलं होतं. तिला अष्टाक्षरी हवी होती. एका ओळीत आठ अक्षरं. जोडाक्षर एकच धरायचं, काना-मात्रा मोजायच्या नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. बोटांवर मोजता येतं, म्हणून मुलांना आवडतं.

पहिला प्रयत्न तिचा: ‘ईस्टला राहतो आम्ही’. ई, स्ट, ला, रा, ह, तो, आ, म्ही; आठ बरोबर भरली. आजोबा म्हणाले, “अगं, पूर्व म्हण.” पोरगी म्हणाली, “आजोबा, पूर्व म्हटलं तर ई कुठून आणू?” मुद्दा बिनतोड होता. पण त्या ओळीत आई नव्हती, नुसता पत्ता होता.

पत्त्यावरूनच पुढचा शब्द निघाला. मुलुंड, भांडुप, घाटकोपर हा सगळा पट्टा निवडणुकीच्या बातम्यांत ईशान्य मुंबई म्हणून येतो. पोरीनं तो शब्द टीव्हीवर ऐकलेला. आणि घरात ईशान्येच्या कोपऱ्यात देवघर. म्हणजे ई ला अखेर एक शेजारचा शब्द सापडला. ‘ईशान्येला हात जोडी’: ई, शा, न्ये, ला, हा, त, जो, डी. पुन्हा आठ. जोडीला यमक हवं म्हणून गाडी. आईची रोजची लोकल आठ सातची, तेव्हा वरची ओळ झाली ‘आठ सातची ती गाडी’.

दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवल्या आणि आद्याक्षरीचा फटकळपणा बाहेर आला. ‘आठ सातची ती गाडी, ईशान्येला हात जोडी.’ हात कोण जोडतंय? वाचणाऱ्याला वाटतं, लोकलच! दोन ओळींच्या कवितेत कर्ता कुठे हरवला तर शोधायला तिसरी ओळ नसते. ‘आई’ हा शब्द आत घालून भागलं असतं, पण जो शब्द कडेनं उभा लिहिलाय तोच पोटात पुन्हा लिहिणं म्हणजे कोडं घालून लगेच उत्तर सांगणं. बराच वेळ अडून शेवटी ‘ची ती’ ही दोन अक्षरं उचलली आणि तिथे ‘जरी’ बसवलं.

आठ सात जरी गाडी,
ईशान्येला हात जोडी.

आता घाई आली, आणि घाईत हात जोडणारी बाईही आली. नाव न घेता.

कागदावर उतरतानाही ई नखरे करते. तिच्या डोक्यावर रफारासारखा आकडा असतो, त्याला वर मोकळी जागा लागते. दोन ओळी चिकटून लिहिल्या की तो आकडा वरच्या आ च्या पायात अडकतो, आणि लाल स्केचपेननं जाड करताना विसरला की इतक्या खटपटीनंतर पुन्हा ऱ्हस्व. पोरगी विसरलीच. आजोबांनी काही न बोलता पेन पुढे केलं. माऊली किंवा माता घेतली असती तर वेगळीच भांडणं: ‘मा’ च्या जागी ‘म’ चालेल का, आणि मोबाइलवर नुसता म लाल करायला गेलं की काना एकटा सुटतो, शेजारी ठिपक्यांचं वर्तुळ घेऊन. आ आणि ई स्वर असल्यामुळे या कटकटीतून सुटतात.

रविवारी आईनं कार्ड उघडलं. मेगाब्लॉक होता, तिला कुठे जायचंही नव्हतं. तिनं एकदा आडवं वाचलं, मग उभं वाचलं, हसली, आणि म्हणाली, “छान आहे गं, पण आठ सात कधीच गेली. आता ती आठ दहाला येते.”

पोरगी बोटांवर मोजत उभी राहिली. आ, ठ, द, हा, ज, री, गा, डी. आठच भरत होती, आणि सुरुवातीला आ तसाच होता. ती व्हाइटनर शोधायला आत पळाली.