येतो म्हणावे

तमिळ चित्रपटांचे संवाद हिंदीत आणून पडद्याच्या तळाशी बसवणे, हा माझा उद्योग. आमच्याकडे सेकंदाला 22 अक्षरांची मर्यादा. जास्त झाली की प्रेक्षकाचे डोळे खालीच खिळतात नि वरचा चेहरा निसटतो. त्यात संगणक मोठा कवडीचुंबक! काना, मात्रा, अनुस्वार, मधली मोकळी जागासुद्धा तो वेगळी मोजतो. एवढासा ‘में’ तीन भरतो.

परवाच्या चित्रपटात कोळ्याचा मुलगा होडीकडे निघतो. ‘पोरेन’ म्हणतो, म्हणजे ‘जातो’. आई दटावते: तसे नको, ‘पोयिट्टु वरेन’ म्हण, ‘जाऊन येतो’. सारे दीड सेकंदात; म्हणजे 33 अक्षरे. मी लिहिले, “जाता हूँ” मत कह, “जाकर आता हूँ” कह. भरली 35! अवतरणचिन्हे काढावीत, तर वाचणारा अडखळणार. वाक्य गाळावे, तर मुलगा पुढे समुद्रावरून परतत नाही, आणि शेवटी आईला आठवतो तो हाच शब्द.

तासभर खोळंबले. तेवढ्यात दारातून आमचे चिरंजीव ओरडले, “आई, येतो गं!”

“जाता हूँ” नहीं, “आता हूँ” कह. 29.

उठून दाराशी गेले, तो स्वारी जिना उतरून गेलीही होती.