कप, वाटी आणि ग्रॅम

कप हे जागेचे माप आहे, वजनाचे नव्हे. प्रमाणित कपात २४० मिलिलिटर मावतात. परंतु २४० मिलिलिटर म्हणजे २४० ग्रॅम हे केवळ पाण्याला लागू पडते. पिठाच्या कणांमध्ये हवा असते, म्हणून तोच कप भरून पीठ साधारण १२० ते १५० ग्रॅम भरते. साखर मात्र जवळपास २०० ग्रॅम, तर कच्चा तांदूळ १८५ ते २०० ग्रॅमच्या आसपास भरतो.

हा भेद एरवी चवीपुरता राहिला असता. परंतु एका घरातील आजोबांना मधुमेह जडला आणि आहारतज्ज्ञांनी त्यांच्या प्रत्येक खाण्यातील कर्बोदकांची मर्यादा ठरवून दिली. गव्हाच्या पिठाचा शिरा हे त्यांचे आवडते पक्वान्न. सासूबाईंचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्यांचे : एक कप पीठ, पाऊण कप साखर, अर्धा कप तूप. सुनेने शिरा करण्यापूर्वी वजनकाट्यावर रिकामे भांडे ठेवून आकडा शून्यावर आणला आणि सासूबाईंच्याच हाताने कप भरून घेतला. असे तीनदा करून सरासरी काढली. पीठ १२५ ग्रॅम आले, साखर १५० ग्रॅम.

पिठाच्या पिशवीवर १०० ग्रॅममागे ७२ ग्रॅम कर्बोदके लिहिली होती. म्हणजे १२५ ग्रॅमांत ९०. साखर जवळजवळ संपूर्ण कर्बोदकच, तिचे १५०. तुपात कर्बोदके नाहीत. त्याचा हिशेब स्निग्धांशात होतो. एकूण २४० ग्रॅम झाले. मिलिलिटरलाच ग्रॅम समजले असते, तर पीठ २४० आणि साखर १८० धरून हीच बेरीज सुमारे ३५३ वर गेली असती.

आता वाटणी. पाणी आटून तयार शिऱ्याचे वजन ७२० ग्रॅम भरले. २४० ग्रॅम कर्बोदके ७२० ग्रॅमांत, म्हणजे एक तृतीयांश. आजोबांच्या वाटीत ६० ग्रॅम शिरा वाढला, तर २० ग्रॅम कर्बोदके मोजायची. पाणी किती आटले याची चिंता उरत नाही. अखेरचे वजन ते सांगतेच.

कपाला सर्वाधिक फसवते ते पीठ. डब्यात कप खुपसून दाबून भरला की तो १५० ग्रॅमांपर्यंत जातो. चाळून, चमच्याने हलके भरला की १२० च्या जवळ राहतो. साखरेचे दाणे फारसे दबत नाहीत, म्हणून तिचा आकडा स्थिर राहतो. मात्र पिठीसाखर तितक्याच कपात बरीच हलकी भरते. तांदळाची गोष्ट निराळी. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके असतात. शिजताना तो पाणी पितो, म्हणून १०० ग्रॅम भातात ती सुमारे २८ च उरतात. कच्च्याचा आकडा भाताच्या वजनाला लावला, तर हिशेब जवळपास तिप्पट चुकतो.

सुनेने पिठाच्या डब्याच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवली : ‘आपला कप, १२५ ग्रॅम’. सासूबाईंचे प्रमाण तसेच राहिले. फक्त ते ग्रॅममध्ये वाचता येऊ लागले.