विषम तारखा

ताकीद पत्राचा मसुदा समोर आला की मी वरचा विषय वाचत नाही, थेट तारखांकडे जातो. बाकीचं पत्र आम्हा मनुष्यबळवाल्यांना पाठ असतं. ‘आपण वारंवार कामावर उशिरा येत असल्याचे निदर्शनास आले आहे’, मग तारखांची माळ, मग ‘यापुढे सुधारणा न झाल्यास आपणावर शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल’. वरचं नाव बदला आणि कोणालाही द्या. त्या माणसाचं स्वतःचं असं पत्रात एवढंच असतं: तारखा, आणि त्यांच्यापुढची मिनिटं.

भोसरीतल्या एका कारखान्यात मी असताना मशीन शॉपमधल्या एका ऑपरेटरचं असं पत्र सहीसाठी आलं. सकाळची शिफ्ट साडेआठची, दहा मिनिटं सवलत. तारखा नऊ: जुलैच्या ३, ७, ११, १४, १९ आणि २५, ऑगस्टच्या १, ४ आणि ८. टाइम ऑफिसच्या क्लार्कने खाली टीप जोडली होती, ‘तीन लेट मार्कांस अर्धा दिवस याप्रमाणे दीड दिवसाचा पगार कापावा’.

पंचिंग मशीनला बोट कधी टेकलं तेवढं कळतं. माणूस कुठे होता, कशाने अडला, कोणाला सांगून गेला होता, हे दुसऱ्या वह्यांत असतं. म्हणून मी गेटवरचं बसचं रजिस्टर आणि गेट पासची फाइल मागवली. १४ जुलैला कंपनीचीच बस आठ बावन्नला आत आली होती. त्या बसमधल्या बाकीच्यांची हजेरी सुपरवायझरने त्याच दिवशी दुरुस्त करून घेतली, याची राहिली. १ ऑगस्टला बँकेच्या कामासाठी त्याने आदल्या दिवशी पास घेतला होता. पासवर सुपरवायझरची सही होती, पण पास टाइम ऑफिसला पोचलाच नव्हता. नवाच्या सात झाल्या.

दोन तारखांनी काय फरक पडतो, असं तरुण अधिकारी विचारतात. कारखान्यांच्या आदर्श स्थायी आदेशांत गैरवर्तन म्हणून धरलं आहे ते सवयीने उशिरा येणं, एखाद्या दिवशी उशीर होणं नव्हे. सवय सिद्ध करायला तारखांखेरीज हातात काही नसतं. शिवाय लेखी ताकीद ही त्या आदेशांतली शिक्षाच आहे, सगळ्यांत खालच्या पायरीची असली तरी. उद्या प्रकरण चौकशीपर्यंत गेलं तर युनियनचा प्रतिनिधी ३ जुलैपासून सुरुवात करत नाही, १४ जुलैपासून करतो. बसचं रजिस्टर टेबलावर ठेवतो आणि शांतपणे विचारतो, ‘बाकीच्या तारखा तरी कशावरून खऱ्या?’ त्याला बिनतोड उत्तर नसतं.

पगारकपातीची टीप मी तिथेच खोडली. सात दिवसांची मिनिटं होती २४, ३१, २२, २७, ३५, २६ आणि २९. बेरीज १९४, म्हणजे सव्वातीन तासही नाहीत. त्यापोटी दीड दिवसाचा पगार! तेव्हा लागू असलेला १९३६चा वेतन प्रदान कायदा सांगत होता की गैरहजेरीबद्दलची कपात गैरहजर वेळेच्या प्रमाणातच हवी. सरकारी कचेऱ्यांत तीन लेट मार्कांना एक किरकोळ रजा जाते, ती कल्पना उचलून आमच्याकडे पगाराला चिकटवलेली. रजा जाणं वेगळं आणि केलेल्या कामाचा पैसा जाणं वेगळं, पण वर्षानुवर्षं चालत आलेली टीप कोण तपासतो?

आता उरलेल्या सात तारखा. आम्ही पहिल्यांदा वार बघतो, कारण सोमवारचा उशीर बहुधा गावाहून परतणाऱ्याचा असतो. आमची सुट्टी गुरुवारची, म्हणून शुक्रवार पाहिले, पण तसं काही दिसेना. मिनिटांवरूनही कळतं. रोज साधारण तेवढाच उशीर असेल तर एक ठरावीक बस चुकते आहे किंवा घरी एक ठरावीक काम अडकलं आहे. कधी पाच मिनिटं आणि कधी दीड तास असेल तर गोष्ट वेगळी, तिथे बहुधा बाटली किंवा आजारपण निघतं. इथे बावीस ते पस्तीस. मग लक्षात आलं, जुलैच्या पाचही तारखा विषम आहेत आणि ऑगस्टच्या दोन्ही सम.

पिंपरी-चिंचवडला २०१९च्या नोव्हेंबरपासून पाणी दिवसाआड येतं. जुलै एकतीस दिवसांचा. ३१ला पाणी आलं की पुढचं २ ऑगस्टला, आणि विषमचं सम होतं. त्याला बोलावून मी फक्त एवढंच विचारलं, ‘तुमच्याकडे पाणी कधी येतं?’ तो जरा चपापला. मग बोलला. दिघीकडे तिसऱ्या मजल्यावर भाड्याची खोली, वर पाणी चढत नाही, खालच्या नळावर नंबर लावायचा. बायको जूनअखेर बाळंतपणाला माहेरी गेलेली, आईचे गुडघे गेलेले. पाणी सहाला आलं तर तो वेळेवर पोचायचा, सातला आलं की गेला उशीर. म्हणूनच मधल्या काही विषम तारखांना तो बिनचूक साडेआठला हजर होता. जूनपर्यंतचं त्याचं मस्टर मी काढून पाहिलं, एक लेट मार्क नाही.

‘मग आधी सांगितलं का नाहीस?’ सुपरवायझरने विचारलं. तो म्हणाला, ‘पाण्याचं काय सांगायचं साहेब, हसतील.’

पत्र मी थांबवलं नाही. सुपरवायझरचं म्हणणं होतं, ‘दिवसाआड पाणी सगळ्यांकडेच येतं, बाकीचे येतातच की.’ ते खरंच होतं. त्याच्या मशीनवरचा आधीच्या शिफ्टचा माणूस बदली येईपर्यंत अर्धा तास खोळंबायचा, त्यालाही घर होतं. कारण समजलं म्हणून उशीर पुसला जात नाही, असं माझं मत आजही आहे. पण मसुद्यातलं ‘सुधारणा अपेक्षित आहे’ हे वाक्य मी काढलं. काय केलं म्हणजे सुधारणा झाली, हे त्यात कुठेच नव्हतं. त्याजागी मराठीत, त्याला वाचता येईल असं लिहिलं: बायको परत येईपर्यंत दुपारची शिफ्ट, जिथला एक जण सकाळी यायला राजी होता, पुढच्या तीन महिन्यांत सवलतीपलीकडचा उशीर दोनदाच चालेल, अडचण आली तर शिफ्ट सुरू होण्याआधी सुपरवायझरला फोन. त्याचा खुलासा पत्रातच नोंदवला, सात तारखा मिनिटांसकट दिल्या आणि वगळलेल्या दोन का वगळल्या तेही लिहिलं.

पत्र हातात घेऊन तो बराच वेळ तारखा वाचत राहिला. पोच द्यायला लोक कचरतात, सही केली म्हणजे गुन्हा कबूल केला असं त्यांना वाटतं. म्हणून सहीच्या जागेवर मी ‘पत्र मिळाले’ एवढंच छापून घेतो. नकार आलाच तर दोन साक्षीदारांसमोर तशी नोंद करून पत्र पोस्टाने घरी पाठवावं लागतं, आणि मग ते घरचे सगळे वाचतात. त्याने सही केली.

शेवटी मी एक ओळ घातली होती: वर्षभर पुन्हा तक्रार न आल्यास हे पत्र पुढील कारवाईत विचारात घेतलं जाणार नाही. वरच्या साहेबांनी ती लाल पेनने खोडली, म्हणाले, ‘फाइलमधलं हत्यार आपणच कशाला बोथट करायचं?’ मी मसुदा पुन्हा टाइप करून घेतला तेव्हा ती ओळ जशीच्या तशी ठेवली. दुसऱ्या वेळी त्यांनी न वाचता सही केली.